चार्जर ६५ वॉटचा, तरी फोन हळू का भरतो? आणि ८० टक्क्यांनंतर का रेंगाळतो?

"फास्ट चार्जर घेतला, पण फोन काही फास्ट चार्ज होत नाही." ही तक्रार पुन्हा पुन्हा येते, आणि तिच्यात दोन अगदी वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. खोदून विचारलं की कळतं, काहींचा फोन पहिल्या टक्क्यापासूनच हळू भरत असतो. काहींचा ७०-७५ पर्यंत झरझर जातो आणि मग शेवटच्या २० टक्क्यांना अर्धा तास घेतो.

पहिल्या प्रकारात बहुतेक वेळा काहीतरी चुकलेलं असतं. चार्जर जुळत नसतो, केबल कमी पडते, पोर्टमध्ये कचरा असतो किंवा सेटिंग बंद असतं. हे सगळं घरच्या घरी सापडतं. दुसऱ्या प्रकारात मात्र काहीही बिघडलेलं नसतं. बॅटरी भरत आली की फोन स्वतःहून वीज कमी घेतो, आणि तो तसं करतो म्हणूनच बॅटरी टिकते. त्यावर उपाय म्हणून आणखी मोठा चार्जर घेणं म्हणजे पैसे पाण्यात घालणं.

म्हणून तपासणी करायची ती फोन ८५ टक्क्यांवर असताना नाही. २० ते ४० टक्क्यांच्या दरम्यान, फोन गार असताना, स्क्रीन बंद करून तपासा. तिथे वेग चांगला असेल तर चार्जर, केबल आणि पोर्ट तिन्ही ठीक आहेत. तिथेच वेग कमी असेल तर दोष शोधायला लागा.

चार्जरवरचे आकडे कसे वाचायचे

चार्जरच्या पाठीवर बारीक अक्षरांत जे छापलेलं असतं, त्यात सगळी माहिती असते. २५ वॉटच्या एका चार्जरवर साधारण असं दिसेल:

```
INPUT: 100-240V~ 50-60Hz 0.7A
OUTPUT (PDO): 5.0V⎓3.0A or 9.0V⎓2.77A
OUTPUT (PPS): 3.3-5.9V⎓3.0A or 3.3-11.0V⎓2.25A
```

पहिली ओळ भिंतीकडून येणाऱ्या विजेची आहे. ती सोडून द्या. २३० गुणिले ०.७ म्हणजे १६१ वॉट असा हिशेब काही जण करतात, पण तो आकडा फक्त चार्जर जास्तीत जास्त किती करंट ओढू शकेल हे सांगतो. फोनला काय मिळणार ते पुढच्या दोन ओळींत आहे. `PDO` म्हणजे ठरावीक व्होल्टच्या जोड्या, `PPS` चं पुढे येईल.

वॉट काढायचे तर व्होल्ट गुणिले अँपिअर. पण गुणाकार एकाच जोडीतल्या दोन आकड्यांचा करायचा, आणि घोटाळा नेमका इथेच होतो. वरच्या लेबलावर सगळ्यात मोठा व्होल्ट ११ आहे आणि सगळ्यात मोठा अँपिअर ३, म्हणून ३३ वॉटचा चार्जर, असं होत नाही. ५ व्होल्टला ३ अँपिअर म्हणजे १५ वॉट. ९ व्होल्टला २.७७ अँपिअर म्हणजे २४.९ वॉट. ११ व्होल्टला २.२५ अँपिअर म्हणजे २४.७५ वॉट. चार्जर २५ वॉटचाच आहे. व्होल्ट वाढले की त्या जोडीतले अँपिअर कमी होतात, कारण एकूण ताकद तेवढीच आहे.

दुसरी गोष्ट, ही यादी म्हणजे चार्जर काय काय देऊ शकतो याची यादी आहे. त्यातलं काय घ्यायचं ते फोन ठरवतो. केबल जोडल्यावर सुरुवातीला चार्जर ५ व्होल्टच देतो. मग टाइप-सी केबलमधल्या एका बारीक तारेवरून चार्जर आणि फोन एकमेकांशी बोलतात, चार्जर आपली यादी सांगतो आणि फोन त्यातली एक जोडी मागतो. एखाद्या सेकंदात व्होल्ट वर चढतात. हे बोलणं झालंच नाही तर चार्जर कितीही मोठा असो, फोन ५ व्होल्टवरच अडकून राहतो.

व्होल्ट वाढवायचे कशाला, असा प्रश्न पडू शकतो. उत्तर केबलमध्ये आहे. समजा, केबलचा जाऊन-येऊन रोध ०.३ ओहम आहे. बारीक, लांब आणि स्वस्त केबलचा एवढा सहज असतो. ५ व्होल्टवर ३ अँपिअर पाठवले तर केबलमध्येच ०.९ व्होल्ट जातात, फोनपर्यंत ४.१ पोहोचतात. त्यात बॅटरी नीट भरतच नाही. तेवढेच १५ वॉट ९ व्होल्टवर पाठवायला १.६७ अँपिअर पुरतात, केबलमध्ये अर्धा व्होल्ट जातो आणि फोनकडे साडेआठ व्होल्ट शिल्लक राहतात. केबलमधली उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात असते, त्यामुळे तीही एक तृतीयांशाच्या खाली येते.

पासष्ट वॉटचा चार्जर आणि पंधरा वॉटचं चार्जिंग

आता एक खरा प्रसंग. माझ्या मावसभावाच्या फोनची बॅटरी ५००० मिलिअँपिअर-तासांची आहे, आणि फोन २५ वॉटपर्यंत घेतो. फोनसोबत चार्जर आला नव्हता. त्याने लॅपटॉपसाठी घेतलेला ६५ वॉटचा टाइप-सी चार्जर फोनला लावायला सुरुवात केली. "दादा, पासष्टचा लावला तरी मित्राच्या पंचवीसवाल्यापेक्षा हळू चालतो. चार्जर डुप्लिकेट आहे का?"

चार्जर अस्सल होता. त्याच्यावर हे छापलं होतं:

```
OUTPUT: 5V⎓3A  9V⎓3A  15V⎓3A  20V⎓3.25A
```

२० गुणिले ३.२५ म्हणजे ६५ वॉट. पण ते २० व्होल्ट लॅपटॉपसाठी आहेत, हा फोन २० किंवा १५ व्होल्ट मागतच नाही. त्याच्या कामाची जोडी ९ व्होल्टची, आणि तिथे चार्जर ३ अँपिअर म्हणजे २७ वॉट द्यायला तयार आहे. मग २५ वॉट तरी मिळायला हवे होते. चार्जर आणि फोनच्या मध्ये यूएसबी मीटर लावला. काही शे रुपयांना मिळणारं हे छोटं यंत्र आहे, पडद्यावर व्होल्ट आणि अँपिअर दाखवतं. फोन ३० टक्क्यांवर होता. मीटरवर आलं ९ व्होल्ट आणि १.६५ अँपिअर. म्हणजे १५ वॉटला थोडं कमी.

कारण लेबलावर जे नाही त्यात आहे. या चार्जरवर पीपीएसची ओळ नाही. पीपीएस म्हणजे प्रोग्रॅमेबल पॉवर सप्लाय. चार्जर आणि फोनचं ते बोलणं ज्या नियमांनी होतं, त्या यूएसबी पॉवर डिलिव्हरीतलीच ही एक सोय. तिच्यात चार्जर ठरावीक ५ किंवा ९ व्होल्ट देत बसत नाही, तर फोन मागेल तेवढेच व्होल्ट देतो, तेही २० मिलिव्होल्टच्या बारीक पायऱ्यांनी.

फोनला एवढी बारकाई का लागते, ते समजून घेण्यासारखं आहे. बॅटरीचा व्होल्टेज ४ च्या आसपास असतो. चार्जरने सरळ ९ व्होल्ट दिले तर ते ४ पर्यंत खाली आणायचं काम फोनच्या आतल्या सर्किटला करावं लागतं, आणि त्यात साधारण दहा टक्के वीज उष्णता होऊन जाते. २५ वॉटचे दहा टक्के म्हणजे अडीच वॉट, आणि ही उष्णता बॅटरीला चिकटून, बंद डब्यात. पीपीएस असेल तर फोन बॅटरीच्या व्होल्टेजच्या जवळपास दुप्पट मागतो आणि एका साध्या सर्किटने त्याचे बरोबर निम्मे करतो. व्होल्ट निम्मे झाले की करंट दुप्पट होतो, आणि या कामात वाया जाणारी वीज फार थोडी असते. म्हणून अशा फोनच्या बनवणाऱ्यांनी नियम घालून दिलेला असतो. पीपीएस मिळालं तर पूर्ण वेग, नाही मिळालं तर १५ वॉटवर थांबायचं.

मित्राचा पीपीएसवाला २५ वॉटचा चार्जर त्याच केबलने लावला तेव्हा व्होल्ट ९ च्या आसपास हलते राहिले आणि अँपिअर २ च्या वर गेले. फोनच्या पडद्यावरची ओळही `Fast charging` ची `Super fast charging` झाली. चार्जरचा एकूण वॉट निम्म्याहून कमी, पण फोनला मिळणारा जास्त.

दुसरा एक गट आहे तो स्वतःच्या खास पद्धतीच्या चार्जिंगचा. ६७, ८०, १०० वॉट असे आकडे ज्या फोनांवर असतात, त्यांतले बरेचसे हा वेग फक्त कंपनीच्या चार्जरवर आणि कंपनीच्या केबलवर देतात. ८० वॉटच्या एका चार्जरवर ११ व्होल्ट, ७.३ अँपिअर अशी जोडी असते. सर्वसाधारण टाइप-सी केबलला ३ अँपिअरची मर्यादा आहे, ५ अँपिअरला केबलमध्ये खास चिप लागते, आणि ७.३ तर यूएसबीच्या सामान्य नियमांत बसतच नाही. त्यामुळे असा फोन दुसऱ्या चार्जरवर १०, १५, कधी १८ वॉटवर येतो. तो बिघाड नाही. प्रवासात दुसऱ्याचा चार्जर लावला तर वेळ जास्त धरून चला.

दोष शोधायचा क्रम

फोन ३० टक्क्यांवर असतानाही वेग कमी दिसत असेल तर मी आधी सेटिंग बघतो, कारण त्याला पैसे लागत नाहीत. बॅटरीच्या सेटिंगमध्ये फास्ट चार्जिंग आणि सुपर फास्ट चार्जिंगची बटणं वेगळी असतात, आणि कुणीतरी कधीतरी ती बंद केलेली असतात. तिथेच बॅटरी ८० टक्क्यांवर थांबवायचा पर्यायही असतो, तो चालू असेल तर फोन ८० च्या पुढे जाणारच नाही. रात्रीचं चार्जिंग ८० वर थांबवून सकाळी उठायच्या वेळेआधी पूर्ण करणारी सोयही बऱ्याच फोनांत असते.

मग केबल. तिचं एक टोक जुनं, चौकोनी यूएसबी-ए असेल तर पॉवर डिलिव्हरीचं बोलणं होतच नाही, कारण ते दोन्ही टोकं टाइप-सी असलेल्या केबलवरून होतं. दोन्ही टोकं टाइप-सी असूनही शंका असेल तर दुसऱ्या, आखूड केबलने तोच प्रयोग करा. मीटर असेल तर नजर व्होल्टवर ठेवा. केबल जोडल्यावर ५ वरून ९ ला उडी येते की नाही, एवढंच बघायचं. उडी आली आणि तरी करंट कमी असेल तर चार्जरवर पीपीएस नसेल, नाहीतर गोष्ट फोनची किंवा तापमानाची आहे. उडीच आली नाही तर बोलणं फसतंय, म्हणजे केबल, पोर्ट किंवा चार्जर. मीटर घेताना दोन्ही बाजूंनी टाइप-सी असलेला आणि पॉवर डिलिव्हरी चालू देणारा घ्या. काही स्वस्त मीटर ती बोलण्याची तारच पुढे नेत नाहीत आणि मग चांगला चार्जरही ५ व्होल्टवर अडकलेला दिसतो.

पोर्टमध्ये खिशातला कापसासारखा मळ बसतो आणि रोज केबल खुपसून तो तळाशी दाबला जातो. केबल पूर्वीसारखी टक् आवाज करून बसत नसेल, थोडी बाहेर राहत असेल, तर हेच झालंय. फोन बंद करा, उजेडात धरा आणि लाकडी टूथपिकने हलक्या हाताने कडेकडेने मळ काढा. सुई किंवा पिन नको, आत बारीक पिना असतात आणि त्या वाकल्या तर पोर्ट बदलावा लागतो. बोलण्याची पिन फक्त अधूनमधून टेकत असेल तर चार्जिंग चालू राहतं, पण ५ व्होल्टवर.

दोन-तीन पोर्टवाला चार्जर असेल तर दुसऱ्या पोर्टची केबल काढून बघा. एकूण वॉट पोर्टांमध्ये वाटले जातात, आणि दुसऱ्या पोर्टमध्ये नुसता इअरफोनचा डबा लावला तरी पहिल्याचा वाटा कमी होऊ शकतो.

मीटर नसेल आणि अँड्रॉइड फोन असेल तर कॉम्प्युटरवरून adb या साधनाने एक आज्ञा देऊन बॅटरीची स्थिती बघता येते. केबल कॉम्प्युटरला लावून बघू नका, कारण मग फोन कॉम्प्युटरच्या पोर्टवर चार्ज होईल आणि आकडे त्याचे येतील. अँड्रॉइड ११ पासून वायरलेस डीबगिंग आहे, ते चालू करून फोन वाय-फायवरून कॉम्प्युटरशी पेअर करा, मग नेहमीच्या चार्जरला लावा आणि ही आज्ञा द्या:

```
adb shell dumpsys battery
```

उत्तरात या तीन ओळी बघायच्या:

```
level: 30
voltage: 4105
temperature: 352
```

बॅटरी ३० टक्के, व्होल्टेज ४.१०५ आणि तापमान ३५.२ अंश. तापमान दशांशात येतं, म्हणून ३५२. यातली व्होल्टेजची ओळ लक्षात ठेवा, पुढच्या भागाचं सगळं तिच्यात आहे.

८० नंतर काय होतं

मावसभावाला बरोबर चार्जर मिळाला, आणि त्याची पुढची तक्रार आली. २० पासून ४० टक्क्यांपर्यंत दहा-बारा मिनिटांत गेला, पण ८० पासून १०० ला अर्धा तास. दोन्हीकडे वीस टक्केच, म्हणजे त्याच्या बॅटरीत १००० मिलिअँपिअर-तास. मग एवढा फरक का?

आधी साधा हिशेब. ५००० मिलिअँपिअर-तास म्हणजे ५ अँपिअर-तास, गुणिले बॅटरीचा सरासरी व्होल्टेज ३.८८, म्हणजे सुमारे १९.४ वॉट-तास. २५ वॉटने भागलं तर ४६-४७ मिनिटं येतात. जाहिरात वाचून मनात जो वेळ धरला जातो तो हा. पण पूर्ण चार्ज व्हायला खरा वेळ सव्वा तास किंवा थोडा जास्तच लागतो. थोडी वीज वाटेत उष्णता होते, आणि बाकीचा सगळा वेळ शेवटच्या टप्प्यात जातो.

लिथियम-आयन बॅटरीला एक वरची व्होल्टेज मर्यादा असते. हल्लीच्या फोनांत ती ४.४ ते ४.५ च्या दरम्यान असते, आपण ४.४५ धरू. कोणत्याही क्षणी बॅटरीच्या टोकांवरचा व्होल्टेज याच्या वर जाता कामा नये. आता बॅटरीचा स्वतःचा, विश्रांतीतला व्होल्टेज ती भरत जाते तसा वाढतो. आत करंट ढकलायचा तर त्याहून थोडा जास्त व्होल्टेज लावावा लागतो, आणि किती जास्त ते बॅटरीच्या आतल्या रोधावर ठरतं. म्हणजे करंट किती जाईल ते ठरवणारी गोष्ट एकच: मर्यादा आणि बॅटरीचा स्वतःचा व्होल्टेज यांच्यातलं अंतर, भागिले आतला रोध.

आकडे घालून बघू. हे आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत, प्रत्येक बॅटरीचे थोडे वेगळे असतील. आतला रोध ०.०६ ओहम समजा. ५० टक्क्यांवर बॅटरीचा स्वतःचा व्होल्टेज ३.८८. अंतर ०.५७, म्हणजे साडेनऊ अँपिअरपर्यंत जागा आहे. चार्जरकडून बॅटरीला मिळतात साडेपाच अँपिअर, तेव्हा इथे अडसर चार्जिंगच्या २५ वॉटचा आहे, फोन जास्त घेणारा असता तर मोठ्या चार्जरने वेग वाढला असता. ७५ टक्क्यांच्या सुमाराला स्वतःचा व्होल्टेज ४.१२ होतो आणि अंतर उरतं ०.३३. त्यात बरोबर साडेपाच अँपिअर बसतात. हा वळणाचा बिंदू. इथून पुढे चार्जरची ताकद उपयोगाची नाही.

८० टक्क्यांवर स्वतःचा व्होल्टेज ४.१८, अंतर ०.२७, करंट साडेचार अँपिअर. ९० वर ४.३०, अंतर ०.१५, करंट अडीच. ९५ वर ४.३६, अंतर ०.०९, करंट दीड. बॅटरीला मिळणारे वॉट २० वरून ११, मग साडेसहा. आणि हे उतरत उतरत करंट बॅटरीच्या क्षमतेच्या साधारण विसाव्या भागावर, म्हणजे या बॅटरीत २५० मिलिअँपिअरच्या आसपास आला की फोन चार्जिंग थांबवतो. ८० ते १०० मध्ये सरासरी करंट दोनेक अँपिअर पडतो. १००० मिलिअँपिअर-तासाला अर्धा तास. तक्रारीतला अर्धा तास हाच.

वरची आज्ञा आता पुन्हा चालवा. ३० टक्क्यांवर ४१०५ असलेला आकडा चढत जातो, आणि मग ८५, ९०, ९५ टक्क्यांवर ४४४० ते ४४५० वर चिकटून बसतो. टक्के वाढतायत पण व्होल्टेज हलत नाही. पहिल्या टप्प्यात करंट स्थिर आणि व्होल्टेज चढता होता, आता व्होल्टेज स्थिर आणि करंट उतरता. हे दिसलं की समजा, बॅटरी आणि फोन आपलं काम नीट करतायत. प्रत्यक्षात फोन हा बदल एकदम करत नाहीत, टप्प्याटप्प्याने वॉट उतरवतात, त्यामुळे मीटरवर पायऱ्या दिसतात.

मर्यादा ओलांडून ढकललं तर काय होईल? बॅटरी भरताना लिथियमचे आयन ग्रॅफाइटच्या थरांमध्ये जाऊन बसतात. सुरुवातीला जागा मोकळ्या असतात, एसटीत पहिले शिरलेले प्रवासी पटापट बसतात तसं. शेवटी जागा थोड्या उरतात आणि त्या आत खोलवर असतात. तेव्हा घाईने ढकललेले आयन आत न जाता ग्रॅफाइटच्या पृष्ठभागावर धातूच्या रूपात साचतात. त्यातलं बरंचसं लिथियम कायमचं कामातून जातं, म्हणजे बॅटरीची क्षमता कमी होते. साचलेला धातू वाढत जाऊन दोन थरांमधला पडदा भेदला तर आतच शॉर्ट होतो. शिवाय व्होल्टेज वाढला की आतला द्रव दुसऱ्या बाजूला, धन टोकापाशी, खराब होऊ लागतो. शेवटचा अर्धा तास लागतो तो या दोन गोष्टी टाळायला. मला हा सौदा फारच चांगला वाटतो.

वळण लवकर येत असेल तर

तिसरा एक प्रकार आहे आणि तो चुकीने चार्जरच्या माथी मारला जातो. फोन दोन-तीन वर्षांचा आहे, चार्जर-केबल तीच, ३० टक्क्यांवर वेग चांगला, पण पूर्वी ७५ नंतर मंदावणारा फोन आता ५० लाच मंदावतो. वरचंच गणित पुन्हा करा, फक्त रोध दुप्पट, ०.१२ ओहम धरा. ५० टक्क्यांवर अंतर तेच ०.५७, पण आता जातात पावणेपाच अँपिअर. म्हणजे वळण ५० च्या आधीच येऊन गेलं. ८० वर सव्वादोन अँपिअर, ९० वर सव्वा. बॅटरी म्हातारी झाली की तिचा आतला रोध वाढतो, आणि तिची पहिली खूण चार्जिंगमध्ये दिसते ती अशी. सोबतीला २०-२५ टक्के दाखवत असताना फोन अचानक बंद पडणं हीसुद्धा त्याच रोधाची करामत. काही फोन तर बॅटरी जुनी झाली की वरची मर्यादा आणि वेग स्वतःच थोडे कमी करतात. यावर चार्जर बदलून उपयोग नाही. बॅटरी बदला, तीही अधिकृत सेवा केंद्रात.

पण बॅटरीला दोष देण्याआधी तापमानाची ओळ बघा. सेल ४५ अंशांच्या आसपास पोहोचला की फोन करंट तोडतो किंवा थांबवतो, आणि बरेच फोन त्याआधीच, ४० च्या अलीकडे-पलीकडे, वेग उतरवायला लागतात. मे महिन्यात चंद्रपूर-नागपूरकडे दुपारी हवाच ४५ अंशांवर असते, तिथे गाडीच्या डॅशबोर्डवर मॅप चालू ठेवून लावलेला फोन एक टक्का वाढला तरी नशीब. जाड कव्हर, गेम, हॉटस्पॉट, गादीवर किंवा उशीखाली ठेवलेला फोन, सगळ्यांचा परिणाम तोच. कव्हर काढा, फरशीवर ठेवा, स्क्रीन बंद करा आणि दहा मिनिटांनी तीच आज्ञा पुन्हा द्या. `temperature` ३५० च्या खाली आल्यावर वेग परतला तर बॅटरी ठीक आहे. उलट थंडीतही हेच. शून्य अंशाखाली फोन चार्जिंग घेत नाही, कारण गारठ्यात आयन आत शिरायला आणखी वेळ घेतात आणि धातू साचायचा धोका वाढतो. परदेशात हिवाळ्यात बाहेरून आल्यावर फोन थोडा वेळ घरात ठेवून मगच लावावा.

चार्जर नवा घ्यायचाच असेल तर मागच्या लेबलावर तुमच्या फोनला लागणारी जोडी आहे का ते वाचून घ्या. फोन २५ वॉट पीपीएसवर घेत असेल तर लेबलावर `PPS` ची ओळ आणि तिच्यात ११ व्होल्टपर्यंतचा पल्ला हवा. ६५ वॉटचा चार्जरही चालेल, फोन त्यातून आपल्याला हवं तेवढंच घेईल, जास्तीचं त्याच्यात शिरत नाही. पैसे द्यायचे ते त्या ओळीसाठी, डब्यावरच्या मोठ्या आकड्यासाठी नाही.

आणि फोनची पाठ फुगल्यासारखी दिसत असेल, कड उचलली गेली असेल किंवा पडदा एका बाजूने वर आला असेल तर यातला कोणताही प्रयोग करू नका. चार्जर काढा, फोन बंद करा, दाबू नका, टोचू नका, आणि तसाच सेवा केंद्रात न्या.